एका गोळीचे दोन प्रश्न : दिवसाआड लोहगोळीच्या चाचणीची आखणी

पार्श्वभूमी

वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवरच्या एका तालुक्यातलं हे छोटं रुग्णालय. गावाचं आणि माणसांचं नाव इथे दिलेलं नाही. मी तिथे संशोधनाच्या नोंदी आणि आखणी सांभाळत होतो. दर आठवड्याला गरोदर बायकांची तपासणी व्हायची आणि दर आठवड्याला तेच दिसायचं. हिमोग्लोबिन नऊ-साडेनऊ, हातात लाल गोळ्यांची पाकिटं दिलेली, आणि महिन्याने हिमोग्लोबिन होतं तिथेच.

गरोदरपणात हिमोग्लोबिन डेसिलीटरमागे ११ ग्रॅमच्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. ७ ते १०.९ च्या दरम्यान असेल तर सरकारी कार्यक्रमाप्रमाणे ६० मिलिग्रॅम लोहाच्या गोळ्या रोज दोन द्यायच्या. आम्ही त्या देत होतो. पण एका आशाताईने घराघरांतल्या गोळ्या मोजून आणल्या, तेव्हा पाकिटं अर्ध्याहून जास्त भरलेली निघाली. एक बाई तिला म्हणाली होती, “रोज दोन गोळ्या घेतल्या का पोटात कसंतरीच होते, मंग वावरात वाकून काम कसं करू?” मळमळ, पोट साफ न होणं, शौचाला काळी होणं या तक्रारी सगळ्यांच्या होत्या.

त्या सुमाराला आमच्या डॉक्टर मॅडमनी दिवसाआड लोह देण्याबद्दल वाचलं. लोहाचा मोठा डोस घेतला की शरीरात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं, ते साधारण दिवसभर चढलेलं राहतं, आणि तोवर आतडं पुढच्या गोळीतलं लोह कमी शोषतं. झुरिकच्या संशोधकांनी २०१७ साली हे मोजून दाखवलं. लोह कमी असलेल्या, पण गरोदर नसलेल्या बायकांत रोज ६० मिलिग्रॅम दिल्यावर १६.३ टक्के लोह शोषलं गेलं, दिवसाआड दिल्यावर २१.८ टक्के.

मॅडम म्हणाल्या, “मग आपण दिवसाआड दोन गोळ्या एकदम देऊन बघू. बाईला महिन्याला साठऐवजी तीसच गोळ्या. रक्त तेवढंच वाढलं तर किती बरं होईल!” या वाक्यातल्या ‘तेवढंच’ या शब्दाने आमचे पुढचे सहा महिने घेतले.

अडचण : पहिला मसुदा

पहिला मसुदा मीच लिहिला होता आणि तो क्रॉसओव्हर चाचणीचा होता. क्रॉसओव्हर म्हणजे प्रत्येक माणसाला दोन्ही उपचार एकामागून एक द्यायचे. कोणाला आधी कोणता, ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. प्रत्येक बाईची तुलना तिच्याशीच होते, म्हणून माणसं फार कमी लागतात. आमच्याकडे माणसं कमीच होती, त्यामुळे मला ही रचना देणगीसारखी वाटली. ४० गरोदर बायका, सहा आठवडे रोज दोन गोळ्या, मग आधीचा परिणाम ओसरावा म्हणून दोन आठवडे काहीच नाही, मग सहा आठवडे दिवसाआड. निम्म्या बायकांचा क्रम उलटा.

मसुदा वाचून सर्वांत आधी आमच्या नर्स सिस्टर बोलल्या. “सर, रक्त कमी असलेल्या बाईची गोळी दोन आठवडे आपणच बंद करायची? वर्षभर आपण तिला बंद करू नको म्हणून सांगतो.”

माझ्याजवळ याला उत्तर नव्हतं. मग नागपूरकडचे एक सांख्यिकीतज्ज्ञ सर सल्ला द्यायला तयार झाले. त्यांनी आमच्या आखणीतली दोन मूळ दुखणी दाखवली. पहिलं होतं रचनेचं. दुसरं पुढे समोर आलं आणि त्याहून गंभीर निघालं, कारण ते आकड्यात दडलेलं होतं.

पहिला निर्णय : क्रॉसओव्हर का सोडलं

सरांनी मला एकच प्रश्न विचारला. “पहिल्या सहा आठवड्यांनंतर ही बाई परत पहिल्या जागी येणार आहे का?”

क्रॉसओव्हरचा सगळा डोलारा या प्रश्नावर उभा असतो. आजार दीर्घकाळचा आणि बऱ्यापैकी स्थिर हवा. उपचाराचा परिणाम लवकर दिसायला हवा आणि उपचार थांबवला की तितक्याच लवकर ओसरायला हवा. दम्याचा श्वासातून घ्यायचा पंप, सांधेदुखीची वेदनाशामक गोळी, रक्तदाबाची गोळी सकाळी घ्यावी की रात्री, अशा प्रश्नांना ही रचना शोभते. जो आजार बरा होऊन जातो, जो एकदाच घडतो किंवा ज्यात माणूस दगावू शकतो, तिथे ती चालत नाही. सर्पदंशाच्या रुग्णावर विषप्रतिबंधक लसीचे दोन डोस आलटून पालटून तपासता येत नाहीत, हे कुणालाही पटेल. लोहाच्या बाबतीत तेच मला दिसलं नव्हतं.

शोषलेलं लोह रक्तपेशीत जातं आणि रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. उरलेलं लोह साठ्यात राहतं. म्हणजे पहिल्या सहा आठवड्यांचा परिणाम दोन आठवड्यांच्या सुट्टीत ओसरणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या पाळीत, म्हणजे नंतरच्या सहा आठवड्यांत, जे हिमोग्लोबिन मोजलं असतं, त्यात पहिल्या पाळीचं लोह मिसळलेलं असतं. शिवाय पहिल्या पाळीत जिचं रक्त ११ च्या वर गेलं, तिला दुसऱ्या पाळीत वाढायला जागाच उरत नाही.

आणि गरोदरपण स्वतः पुढे सरकत असतं. या काळात रक्तातलं पाणी वाढतं, म्हणून दुसऱ्या तिमाहीत हिमोग्लोबिन आपोआप थोडं उतरतं. सोळाव्या आठवड्यातली बाई आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यातली तीच बाई ही तुलनेला एक बाई राहत नाही. निम्म्यांचा क्रम उलटा ठेवल्याने काळाचा हा फरक बराचसा वजा होतो, हे खरं. पण मागच्या पाळीचा उरलेला परिणाम असा वजा होत नाही, कारण रोजच्या गोळ्यांनंतर उरणारं लोह आणि दिवसाआडच्या गोळ्यांनंतर उरणारं लोह सारखं नसतं.

“मग उरलेला परिणाम आहे की नाही हे आधी तपासून घेऊ,” असं मी सुचवलं. जुन्या पाठ्यपुस्तकांत ही युक्ती आहे. आधी उरलेल्या परिणामाची कसोटी घ्यायची, तो सापडला तर दुसरी पाळी टाकून फक्त पहिली वापरायची. ग्रिझलने १९६५ साली ती मांडली. फ्रीमनने १९८९ साली दाखवलं की ही दोन पायऱ्यांची पद्धत चुकीचा निष्कर्ष काढण्याचा धोका वाढवते. ती कसोटी दुबळी असते, छोट्या चाचणीत उरलेला परिणाम असूनही सापडत नाही. सर म्हणाले, “आधीचा परिणाम ओसरतो की नाही, हे शरीराच्या ज्ञानावरून आधी ठरवायचं असतं. आकडे आल्यावर ठरवायची ही गोष्ट नाही.”

म्हणून मुख्य प्रश्नासाठी दोन वेगळे गट ठरले. एका गटाला रोज, दुसऱ्याला दिवसाआड, आणि प्रत्येक बाई शेवटपर्यंत एकाच गटात.

दुसरा निर्णय : ‘तेवढंच’ म्हणजे काय

नेहमीची चाचणी विचारते की नवा उपचार जुन्यापेक्षा चांगला आहे का. आम्हाला ते विचारायचं नव्हतं. दिवसाआड देण्याचा फायदा गोळ्या निम्म्या होण्यात आणि पोटाचा त्रास कमी होण्यात होता. रक्त वाढवण्यात ती पद्धत जास्त चांगली ठरेल अशी आमची अपेक्षाच नव्हती. आम्हाला ती ‘फार कमी पडत नाही’ एवढं दाखवायचं होतं. या रचनेला नॉन-इन्फिरिऑरिटी चाचणी म्हणतात. नव्या उपचाराचा दुसरा काही ठोस फायदा असेल, आणि जुना उपचार गुणकारी असल्यामुळे औषधाविना गट ठेवणं अनैतिक असेल, तेव्हा ही रचना निवडायची. आमच्याकडे दोन्ही गोष्टी होत्या.

इथे झुरिकच्या आकड्यांबद्दल थांबून सांगतो, कारण आमच्यातले निम्मे लोक त्यावरूनच निकाल काढून बसले होते. २१.८ टक्के हे १६.३ पेक्षा जास्त, मग दिवसाआडच चांगलं, असं ते म्हणत. पण टक्के प्रत्येक गोळीमागचे आहेत. रोज ६० मिलिग्रॅम घेतलं तर दिवसाला सुमारे ९.८ मिलिग्रॅम लोह आत जातं. दिवसाआड घेतलं तर दोन दिवसांत १३.१, म्हणजे दिवसाला साडेसहाच. गोळीचा उपयोग जास्त होतो, पण तेवढ्याच दिवसांत एकूण लोह कमी जातं. गरोदर बाईजवळ दिवस मोजकेच असतात. तेव्हा दिवसाआडची पद्धत रक्ताच्या बाबतीत थोडी मागे राहील हे आम्हाला आधीच मानायला हवं होतं. प्रश्न इतकाच होता, किती मागे राहिली तर चालेल?

त्या ‘किती’ला मार्जिन म्हणतात, आपण मर्यादा म्हणू. माझ्या दुसऱ्या मसुद्यात ती १ ग्रॅम होती. आखणीतलं दुसरं दुखणं हेच.

मी १ ग्रॅम कुठून आणला? कार्यक्रमाच्या सूचनांत आहे की गोळ्या नियमित घेऊनही महिन्याभरात हिमोग्लोबिन १ ग्रॅमने वाढलं नाही तर बाईला पुढे पाठवा. आकडा ओळखीचा होता, डॉक्टरांच्या तोंडी होता, आणि त्याने प्रत्येक गटात फक्त ३१ बायका लागत होत्या. सरांनी विचारलं, “रोजच्या गोळ्या काहीच न देण्यापेक्षा किती जास्त रक्त वाढवतात?” मी म्हटलं, एक ग्रॅम. ते म्हणाले, “ती तर एका बाईतली आधीची आणि नंतरची वाढ झाली. गोळी न घेता काय झालं असतं, ते त्यातून वजा कुठे केलंत?”

मग आम्ही गरोदरपणात रोज लोह देणं आणि न देणं यांची तुलना करणाऱ्या चाचण्यांचा कॉक्रेन या संस्थेचा एकत्रित आढावा काढला. त्यात बाळंतपणाच्या सुमाराला लोह घेणाऱ्या बायकांचं हिमोग्लोबिन सरासरी सुमारे ०.९ ग्रॅमने जास्त होतं, आणि विश्वासमर्यादेची, म्हणजे खरा फरक ज्या पट्ट्यात असावा त्याची, खालची कड सुमारे ०.७ ग्रॅम होती.

म्हणजे रोजच्या गोळीचा खात्रीने म्हणता येईल असा सगळा फायदाच ०.७ ग्रॅम. आणि मी म्हणत होतो की नवी पद्धत १ ग्रॅमने मागे राहिली तरी चालेल. त्या मर्यादेने खडूची गोळीसुद्धा ‘कमी नाही’ ठरून गेली असती. छत्तीस लोकांसमोर मसुदा वाचला होता, त्यात चार डॉक्टर होते, आणि ही चूक कुणाला दिसली नव्हती. मला वाटतं अशा चाचण्यांत सर्वांत जास्त घडणारी चूक हीच आहे. मर्यादा सोयीच्या संख्येवरून उलटी काढली जाते आणि मग तिला वैद्यकीय कारण शोधलं जातं.

मर्यादा कशी बांधली

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली दिलेल्या मार्गदर्शनात दोन पायऱ्या आहेत, आम्ही त्याच घेतल्या. पहिली पायरी म्हणजे जुन्या उपचाराचा काहीच न देण्याच्या तुलनेत पूर्ण परिणाम, तोही सावधपणे, म्हणजे सरासरी न घेता खालच्या कडेवरून. याला एम-१ म्हणतात. आमचा एम-१ झाला ०.७. मर्यादा याच्या पुढे जाऊच शकत नाही.

दुसरी पायरी वैद्यकीय निर्णयाची. त्या परिणामातला किती भाग गमावणं आपल्याला मान्य आहे? हा एम-२. निम्मा परिणाम राखावा हा बऱ्याच क्षेत्रांत रुळलेला ठोकताळा आहे, पण तो कायदा नव्हे. ज्या आजारात मृत्यू मोजला जातो तिथे निम्मा गमावणं कुणालाही पटणार नाही. आमच्या बाबतीत वाद झाला. मॅडमचं म्हणणं ०.५, कारण तेवढा फरक बाईला जाणवतही नाही. प्रसूतितज्ज्ञ म्हणाल्या, “एकेका बाईला जाणवणार नाही, पण साडेसातवरची बाई सातवर आली की बाळंतपणात थोडा रक्तस्राव झाला तरी तिचा जीव टांगणीला लागतो.” तालुक्यातल्या सगळ्या बायकांची सरासरी अर्ध्या ग्रॅमने सरकली तर काठावरच्या बायका खाली पडतात. शेवटी निम्मा राखायचा, म्हणजे ०.३५ ग्रॅम ठरलं.

त्याची किंमत लगेच दिसली. हिमोग्लोबिनचं प्रमाण विचलन, म्हणजे बाईबाईतला फरक किती पसरलेला आहे त्याचं माप, आम्ही आमच्या जुन्या नोंदींवरून १.२ धरलं. पद्धत खरंच कमी नसेल तर ते ओळखण्याची चाचणीची ताकद ९० टक्के, आणि कमी असूनही ‘कमी नाही’ म्हणून बसण्याची एकतर्फी चूक अडीच टक्के.

```
n = 2 × (1.96 + 1.28)² × 1.2² ÷ 0.35²
  ≈ 247
```

प्रत्येक गटात २४७. मर्यादेचा वर्ग छेदात असतो, म्हणून ती साधारण एक तृतीयांश केली की बायका आठपट लागतात. त्यात चौथा हिस्सा गळेल असं धरून गटात ३३०, एकूण ६६०. आमच्या एका रुग्णालयाच्या कुवतीबाहेरचा आकडा. त्या दिवशी कुणीतरी पुन्हा म्हणालं, “०.५ घेऊ या की.” तेव्हा सरांनी अट घातली की मर्यादा आणि तिचं कारण आजच लिहून सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत टाकायचं, पहिली बाई दाखल होण्याआधी. आकडे दिसल्यावर हलवलेली मर्यादा ही मर्यादाच नसते.

निकाल कसा वाचायचा तेही तेव्हाच लिहिलं. दिवसाआड वजा रोज असा फरक काढायचा आणि त्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा पाहायची. तिची खालची कड उणे ०.३५ च्या वर राहिली तर दिवसाआडची पद्धत ‘कमी नाही’. समजा ती उणे ०.२० ते अधिक ०.१० अशी आली, तर निर्णय साफ. उणे ०.५० ते अधिक ०.०५ आली, तर काहीच सिद्ध झालं नाही. ‘फरक आढळला नाही’ असं लिहून ती पद्धत सारखीच आहे असं सुचवणं तिथे खोटं ठरेल. आणि उणे ०.३० ते उणे ०.०५ अशी आली तर? मग नवी पद्धत निश्चितपणे थोडी कमी आहे आणि तरीही ठरलेल्या मर्यादेत आहे. हे दोन्ही एकदम खरं असू शकतं, आणि तसं आलं तर दोन्ही गोष्टी लिहायच्या असं ठरलं.

तिसरा निर्णय : पाकिटात राहिलेल्या गोळ्या

नेहमीच्या चाचणीत लोकांनी औषध नीट घेतलं नाही तर नव्या उपचाराचं नुकसान होतं, म्हणून संशोधक त्याची काळजी घेतोच. या रचनेत उलटं आहे. दोन्ही गटांतल्या बायकांनी गोळ्या चुलीमागच्या डब्यात टाकल्या तर दोन्ही गटांचं रक्त सारखंच राहील आणि आमची चाचणी यशस्वी ठरेल. ढिसाळपणा इथे संशोधकाच्या बाजूने काम करतो. आणि आमची सुरुवातच अर्ध्या भरलेल्या पाकिटांपासून झाली होती!

म्हणून विश्लेषण दोन प्रकारे करायचं ठरलं. एकदा जिला ज्या गटात टाकलं त्याच गटात धरून, आणि एकदा फक्त त्या बायकांचं ज्यांनी ८० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेतल्या. दोन्हींत निकाल एकच आला तरच तो मानायचा. आशाताई दर पंधरवड्याला न सांगता घरी जाऊन गोळ्या मोजणार. शिवाय रोजच्या गटात अपेक्षेएवढं रक्त वाढलं का हे आधी पाहायचं. तिथेच वाढ दिसली नाही तर चाचणीत फरक ओळखायची ताकदच नव्हती असं समजायचं, मग दोन्ही गट कितीही सारखे येवोत.

विदर्भातल्या दोन गोष्टींनी आणखी विचार करायला लावला. पहिली सिकलसेल. आमच्या भागात वाहक बायका बऱ्याच आहेत आणि काहींना प्रत्यक्ष आजार आहे. सिकलसेलच्या आजारात हिमोग्लोबिन कमी असण्याचं कारण लोह नसतं, रक्तपेशी लवकर फुटणं हे असतं. अशा बायका दोन्ही गटांत असल्या तर लोहाने कुणाचंच रक्त हलत नाही आणि गट खोटेपणाने सारखे दिसतात. म्हणून आधी विद्राव्यता चाचणी आणि ती होकारार्थी आली तर पुढची पक्की तपासणी. आजार असलेल्या बायका चाचणीबाहेर, त्यांचा उपचार वेगळा. वाहक बायका आत, पण दोन्ही गटांत सारख्या वाटलेल्या.

दुसरी गोष्ट माहेर. डोहाळेजेवण झालं की सातव्या महिन्यात पहिलटकरीण माहेरी जाते, आणि माहेर दुसऱ्या तालुक्यात, कधी दुसऱ्या जिल्ह्यात. बाळंतपणाच्या वेळी रक्त तपासायचं ठरवलं असतं तर निम्म्या बायका सापडल्या नसत्या. म्हणून बाराव्या ते अठराव्या आठवड्यात दाखल करायचं आणि आठ आठवड्यांनी मोजायचं ठरलं. नळीतला रंग डोळ्यांनी जुळवायची जुनी साहली पद्धत सोडून सगळीकडे एकाच प्रकारचं डिजिटल यंत्र घेतलं. आणि निकाल ‘रक्तक्षय आहे की नाही’ असा दोन खणांत न मोजता ग्रॅममध्ये मोजला, कारण मोजण्यातल्या चुकांनी बायका चुकीच्या खणांत पडल्या की गटांमधला फरक पुसट होतो, आणि पुसटपणा इथेही आमच्याच फायद्याचा.

क्रॉसओव्हर परत आलं, दुसऱ्या प्रश्नासाठी

हे सगळं चालू असताना सिस्टरनी वेगळाच प्रश्न काढला. गोळी सकाळी घेतल्याने वावरात मळमळतं, मग रात्री झोपताना घेतली तर? मळमळ दोन-चार दिवसांत दिसते, वेळ बदलली की दोन-चार दिवसांत बदलते, आणि एकीला जास्त तर एकीला कमी असा बाईबाईचा फरक खूप. क्रॉसओव्हरला हवं ते सगळं इथे होतं.

इथे आम्ही गरोदर बायका घेतल्याच नाहीत, कारण गरोदरपणातली मळमळ स्वतःच आठवड्यागणिक बदलते. बचत गटातल्या, सौम्य रक्तक्षय असलेल्या आणि तसंही रोज एक गोळी द्यायची होती अशा बायका घेतल्या. चौदा दिवस सकाळी, चौदा दिवस रात्री, निम्म्यांचा क्रम उलटा. सिस्टरचा जुना आक्षेप लक्षात ठेवून मधे गोळी थांबवली नाही. त्याऐवजी प्रत्येक पाळीचे पहिले चार दिवस मोजणीतून वगळले आणि पुढच्या दहा दिवसांत किती दिवस मळमळ झाली ते चित्रांच्या कार्डावर खूण करून घेतलं.

माणसांची बचत किती होते याचं गणित सोपं आहे. एकाच बाईच्या दोन पाळ्यांतला सहसंबंध ०.६ असेल, तर क्रॉसओव्हरला लागणारी माणसं ही दोन गटांच्या चाचणीला लागणाऱ्या माणसांच्या (१ − ०.६) ÷ २, म्हणजे पाचव्या हिश्शाएवढी. दोन गटांना १५० लागल्या असत्या, आम्हाला ३० पुरणार होत्या. गळती धरून ३६ घेतल्या.

काय झालं

नीतिमत्ता समितीने मोठ्या चाचणीचा नवा मसुदा एका दुरुस्तीनंतर मान्य केला. हिमोग्लोबिन ७ च्या खाली उतरलं किंवा चार आठवड्यांत घसरत राहिलं तर बाईला चाचणीतून काढून शिरेतून लोह किंवा वरच्या रुग्णालयात पाठवायचं, हे त्यांनी स्पष्ट लिहायला लावलं. ६६० बायका एकट्याने जमणार नाहीत हे दिसत असल्याने शेजारच्या तालुक्यांतली आणखी तीन रुग्णालयं जोडली. त्यात जवळजवळ एक वर्ष गेलं. दाखल करणं अजून चालू आहे, त्यामुळे तिचा निकाल इथे नाही.

छोटी क्रॉसओव्हर चाचणी मात्र पूर्ण झाली, आणि तिच्यात आमची एक चूक उघडी पडली. सगळ्या बायका एकाच आठवड्यात सुरू केल्या होत्या. दुसरी पाळी दिवाळीत आणि कापूस वेचणीत सापडली. फराळाने पोटं बिघडली, पहाटे वेचणीला निघताना जेवणाच्या वेळा बदलल्या, पाच बायका कार्ड भरायचं विसरल्या. दोन्ही क्रमांना हा गोंधळ सारखाच लागला, म्हणून सकाळ-रात्रीची तुलना एका बाजूला झुकली नाही. पण आकड्यांतला फापटपसारा वाढला आणि बचतीचा जो पाचवा हिस्सा आम्ही कागदावर काढला होता तो प्रत्यक्षात मिळाला नाही. फरक रात्रीच्या बाजूने दिसला, पण विश्वासमर्यादा रुंद आली. आता आम्ही बायकांना दोन्ही वेळा सांगतो आणि निवड त्यांच्यावर सोडतो.

आज पुन्हा करायचं तर

मोठ्या चाचणीच्या मर्यादेत एक सांधा अजून कच्चा आहे आणि तो मला बोचतो. आमचा ०.७ बाळंतपणाच्या सुमाराच्या मोजणीतून आला, तर आम्ही मोजतो आहोत आठ आठवड्यांनी. आठ आठवड्यांत रोजच्या गोळीचा फायदा तेवढा जमलेला नसेल तर आमचा एम-१ फुगलेला आहे आणि ०.३५ ही मर्यादाही ढिली आहे. उलट, त्या जुन्या चाचण्यांत रक्तक्षय नसलेल्या बायकाही होत्या, आमच्याकडे सगळ्या रक्तक्षयाच्या आहेत आणि त्यांच्यात लोहाचा परिणाम जास्त असतो. त्या बाजूने पाहिलं तर ०.७ सावध आहे. या दोन ओढी एकमेकींना किती काटतात हे आम्ही मसुद्यात चार ओळींत उरकलं. आज मी आठ ते बारा आठवड्यांची मोजणी असलेल्या चाचण्या वेगळ्या काढून त्यांच्यावरूनच एम-१ बांधला असता, मग तो कितीही लहान येवो आणि बायका कितीही जास्त लागोत. आता दाखल करणं सुरू झालं आहे, मर्यादा बदलता येत नाही. निकाल लिहिताना ही त्रुटी पहिल्या पानावर जाईल.

छोट्या चाचणीत बायका एकदम सुरू न करता जूनपासून तीन-तीन, चार-चार करून सुरू केल्या असत्या, तर एकच सण सगळ्यांच्या दुसऱ्या पाळीवर पडला नसता.

आणि मर्यादेच्या चर्चेत आम्ही डॉक्टर, सर, सिस्टर सगळे होतो, पण गोळी खाणारी बाई नव्हती. दाखल करणं सुरू झाल्यावर एका पाचव्या महिन्याच्या बाईला संमतिपत्र समजावताना मी सांगितलं की निम्म्या गोळ्यांत रक्त थोडं कमी वाढू शकतं. ती म्हणाली, “थोडं म्हणजे किती जी? मले मागच्या बाळंतपणात बाटली लावली होती रक्ताची.” तिच्यासाठी ०.३५ हा आकडा वेगळा आला असता. पुढच्या मसुद्याआधी अशा दहा-बारा बायकांना बसवून, रांगोळीच्या ठिपक्यांनी का होईना, किती गोळ्या वाचल्या तर किती रक्त सोडायला तयार आहात हे विचारायचं आम्ही ठरवलं आहे. सिस्टरनी त्यासाठी वाण वाटण्याच्या दिवसांतली एक दुपार आधीच मागून ठेवली आहे.